लुकूच्या पावतीचा फोटो आणि त्यातले युनिट: दार-एस-सलाममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या रूम पार्टनरने व्हॉट्सॅपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "वीस हजार भरले, सत्तेचाळीस युनिट आले. दुकानदाराने गंडवलं काय?" मागच्या वेळी तेवढ्याच पैशांत छप्पन्न आले होते. फोटोतली पावती चार ठिकाणी चुरगळलेली, मधल्या घडीत आकडे बुडालेले, खालची कडा कापली गेलेली. दुकानदाराने काही गंडवलं नव्हतं. पण ते समजायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला, कारण टांझानियातली प्रीपेड विजेची पावती कशी वाचायची हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. इथे नोकरीला आलेल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाची हीच तक्रार पहिल्या-दुसऱ्या महिन्यात ऐकतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

इथे वीज पुरवते टानेस्को, आणि तिच्या प्रीपेड पद्धतीला सगळे 'लुकू' म्हणतात. दुकानात जाऊन "लुकू" एवढं म्हटलं तरी पुरतं. पैसे भरले की वीस आकड्यांचा टोकन मिळतो, तो मीटरच्या कीपॅडवर दाबायचा आणि मीटरमध्ये युनिट चढतात. मीटरला पैसे कळत नाहीत, युनिटच कळतात. पैशांचे युनिट करण्याचं काम पावती छापण्याच्या आधीच झालेलं असतं, आणि आपल्याला तपासायचं आहे तेच.

## हाताशी काय हवं

- पावतीचा फोटो किंवा मोबाइलवर आलेला मेसेज
- नेमके किती शिलिंग भरले तो आकडा (मोबाइल मनीच्या मेसेजमधला)
- शक्य असेल तर याच मीटरची एखादी जुनी पावती
- मीटरवरची शिल्लक, टोकन दाबण्याआधीची आणि नंतरची
- साधा कॅल्क्युलेटर

मीटर नंबर हवाच, पण तो पावतीवर असतो. एकाच आवारात तीन-चार मीटर असतील तर पावती आपल्याच मीटरची आहे ना, हे सगळ्यात आधी बघा. टोकन फक्त त्या एका मीटरलाच चालतो. त्यामुळे फोटो कोणाच्या हाती पडला तर वीज चोरीला जात नाही, पण चुकीच्या मीटरचा टोकन घेऊन तुम्ही कितीही वेळा दाबलात तरी काही होत नाही.

## १. फोटो नीट मागा

वकाल्याकडून, म्हणजे एजंटकडून मिळणारी पावती थर्मल कागदावरची असते. दार-एस-सलामच्या उकाड्यात खिशात चार दिवस राहिली की फिकी पडते, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर संध्याकाळपर्यंत काळी होते. म्हणून फोटो त्याच दिवशी घ्यायचा. कागद टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा (चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यांवर पडतो), खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, आणि वरपासून खालपर्यंत पूर्ण पावती एका फोटोत घ्या.

लोक टोकन तेवढा झूम करून पाठवतात. दाबायला तो पुरतो, पण हिशोबाला खालच्या सहा ओळी लागतात, आणि त्याच नेमक्या फोटोबाहेर राहतात. आमच्या फोटोतही शेवटच्या ओळी अशाच बाहेर राहिल्या होत्या.

## २. पावतीवरच्या ओळी ओळखा

आमच्या पावतीवर हिशोबाचा भाग असा होता (टोकन झाकला आहे):

```
TOKEN xxxx xxxx xxxx xxxx xxxx
47.7KWH
Cost 13934.43
VAT 18% 2508.20
EWURA 1% 139.34
REA 3% 418.03
Debt Collected 3000.00
TOTAL TZS 20000.00
```

`KWH` म्हणजे आपले युनिट. `Cost` ही निव्वळ विजेची किंमत, याच आकड्यातून युनिट निघतात. `VAT` हा मूल्यवर्धित कर. `EWURA` ही वीज आणि पाण्याचे दर ठरवणारी नियामक संस्था, तिचा एक टक्का. `REA` ही ग्रामीण वीज पोहोचवणारी संस्था, तिचे तीन टक्के. आणि `Debt Collected` म्हणजे वसूल केलेली बाकी. आमचं कोडं या शेवटच्या ओळीत होतं, आणि फोटोत तीच कापली गेली होती.

महाराष्ट्रातून आलेला माणूस इथे पहिल्यांदा 'स्थिर आकार' शोधतो. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, विद्युत शुल्क अशी रांग बघायची डोळ्यांना सवय असते. लुकूत घरगुती ग्राहकाला तसा मासिक आकार आता नाही. पूर्वी होता: महिन्याला ५,५२० शिलिंग सेवा आकार कापला जायचा, तो एप्रिल २०१६ मध्ये काढून टाकला. तरीही इथे पंधरा-वीस वर्षं राहिलेले काका "दर महिन्याला पाच हजार जातातच रे" असं आजही सांगतात. ते जुन्या आठवणीवर बोलत असतात.

## ३. आधी घरपट्टी बाजूला काढा

सेवा आकार गेला, पण ऑगस्ट २०२१ पासून दुसरं एक ठरावीक कापणं सुरू झालं: घरपट्टी, म्हणजे इथली 'कोडी या जेंगो'. सरकारने घराचा वार्षिक कर वीज मीटरला जोडला आणि तो महिन्याच्या हप्त्यांत लुकूमधून कापायला सुरुवात केली. बैठ्या घराला तेव्हा महिन्याला १,००० शिलिंग होते, जुलै २०२३ पासून १,५०० झाले. मजली इमारतीचा दर वेगळा आणि जास्त: २०२३ पासून प्रत्येक मजल्याला महिन्याला ७,५००. पावतीवर हाच कर `Debt Collected` या नावाने येतो. नाव वाचून आपण आधीच्या भाडेकरूचं कर्ज फेडतोय असं वाटतं, आणि कित्येक जण त्याच समजुतीने एजंटशी भांडतात.

हा कर महिन्यातल्या पहिल्या खरेदीत कापला जातो. त्याच महिन्यात पुन्हा टोकन घेतला तर ती ओळ येत नाही. एखादा महिना टोकनच घेतला नाही, तर तो हप्ता माफ होत नाही, पुढच्या खरेदीत चढून येतो. आमचं तेच झालं होतं. आम्ही दोघेही गणपतीला गावी गेलो होतो. महिनाभर खोली बंद, मीटरमध्ये शिल्लक भरपूर, परतल्यावर घेतलेल्या पहिल्याच टोकनात १,५०० चे दोन हप्ते, म्हणजे ३,००० गेले.

`Debt Collected` चा आकडा १,५०० च्या पटीत आहे का ते बघा. १,५००, ३,०००, ४,५०० असेल तर बैठ्या घराचे एक, दोन, तीन महिने. ७,५०० दिसला तर दोन शक्यता: बैठ्या घराचे पाच महिने थकलेत, किंवा मीटर मजली इमारतीत नोंदलेला आहे. जुनी पावती हाताशी ठेवायला सांगितली ती यासाठी. मागच्याच महिन्यात १,५०० कापले गेले असतील आणि या महिन्यात ७,५००, तर नोंद बदललेली आहे. आणि आकडा कुठल्याच पटीत बसत नसेल, तर त्या मीटरवर घरपट्टीखेरीज दुसरी काही बाकी चढवलेली आहे. ती कशाची, हे टानेस्कोच्या कार्यालयात मीटर नंबर सांगून विचारावं लागतं. पावतीवरून ते कळत नाही.

## ४. बावीस टक्के वजा करू नका, १.२२ ने भागा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, आणि चूक इतकी सरळ दिसते की पटकन सापडत नाही.

व्हॅट १८, रिआ ३, एवुरा १, एकूण २२ टक्के. म्हणून लोक भरलेल्या रकमेतून २२ टक्के वजा करतात. पण हे टक्के भरलेल्या रकमेवर नसून `Cost` वर आहेत. विजेची किंमत १०० असेल तर त्यावर २२ चढून १२२ होतात. म्हणजे आपल्याला १२२ वरून १०० कडे परत यायचंय, आणि त्यासाठी १.२२ ने भागायचं.

घरपट्टी नसलेल्या महिन्यात २०,००० भरले असं धरू. २०,००० भागिले १.२२ म्हणजे १६,३९३.४४, आणि त्याला २९२ च्या दराने भागलं की ५६.१ युनिट. (२९२ कुठून आला ते पुढच्या पायरीत सांगतो.) उलट २२ टक्के वजा केले तर १५,६०० उरतात आणि उत्तर येतं ५३.४. मग पावतीवर ५६.१ बघून माणूस खूश होतो, जास्त मिळाले म्हणून. जास्त काही मिळालेलं नसतं.

दुसरी चूक क्रमाची. घरपट्टीवर हे २२ टक्के लागत नाहीत, ती वेगळीच कापली जाते. म्हणून ती आधी वजा करायची आणि मगच भागायचं. आमच्या पावतीवर:

२०,००० वजा ३,००० = १७,०००
१७,००० भागिले १.२२ = १३,९३४.४३
१३,९३४.४३ भागिले २९२ = ४७.७

पावतीवरही ४७.७ च होते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी १.२२ ने भागून मग ३,००० काढले, तर ४५.९ येतात आणि नसलेला घोळ दिसायला लागतो.

शीटमध्ये ठेवायचं असेल तर B1 मध्ये भरलेली रक्कम, B2 मध्ये घरपट्टी (नसेल तर शून्य):

```
=(B1-B2)/1.22/292
```

१.२२ हा आकडा देवाने दिलेला नाही. पावतीवर छापलेल्या टक्क्यांची बेरीज करून तो बनवलाय. तुमच्या पावतीवर `VAT` पुढे १८ ऐवजी दुसरा आकडा असेल तर बेरीज त्याप्रमाणे बदला. पाठ केलेल्या टक्क्यापेक्षा पावतीवरचा टक्का खरा.

एक लहान गोष्ट याच पायरीत. मोबाइल मनीने भरताना त्या कंपनीचं शुल्क किंवा एजंटचे वरचे पैसे पावतीच्या बाहेर असतात. खात्यातून गेलेली रक्कम आणि पावतीवरचा `TOTAL` यांत फरक असेल तर हिशोबाला `TOTAL` धरा.

## ५. दर ओळखा: २९२ की १००

`Cost` ला युनिटने भागा. उत्तर २९२ च्या जवळ आलं तर मीटर टी-वन दराचा आहे, म्हणजे सर्वसाधारण वापराचा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेकांचा तोच असतो. आमच्या पावतीवर भागाकार २९२.१३ येतो. तो वरचा ०.१३ बघून दर गुपचूप वाढवला असं समजू नका. पावतीवर युनिट एकाच दशांशापर्यंत छापतात, खरे युनिट ४७.७२ होते.

भागाकार १०० च्या आसपास आला तर मीटर डी-वन दराचा, कमी वापराच्या घरांसाठीचा. त्यात महिन्याला ७५ युनिटपर्यंत १०० शिलिंग दर आणि त्यापुढच्या युनिटना थेट ३५०. करांसकट पहिले ७५ युनिट पडतात १२२ शिलिंगने, म्हणजे ९,१५० मध्ये, आणि त्यापुढचा प्रत्येक युनिट ४२७ ला. टी-वनमध्ये करांसकट एक युनिट ३५६.२४ चा.

डी-वनच्या पावतीला वरचं सूत्र लागू पडत नाही, दोन तुकडे करावे लागतात. समजा घरपट्टी आधीच गेलेली आहे आणि महिन्यातली ही पहिलीच वीज आहे, १५,००० भरले. त्यातले ९,१५० पहिल्या ७५ युनिटचे. उरले ५,८५०, त्यांना ४२७ ने भागलं की १३.७. एकूण ८८.७ युनिट. अशा पावतीवर `Cost` भागिले युनिट केलं तर १३८.६ असा कुठेच न छापलेला दर निघतो आणि माणूस चक्रावतो. डी-वनच्या पावतीवर १०० आणि ३५० च्या मधला दर दिसला की ७५ ची रेघ ओलांडलीय असं समजा.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. टी-वनमध्ये एकदम मोठा टोकन घ्या किंवा थोडाथोडा, युनिट तेवढेच. डी-वनमध्ये मात्र पुढच्या महिन्याची वीज आजच भरून ठेवली तर तीच वीज साडेतीनपट दराने पडते. डी-वनवाल्याने महिन्याच्या खर्चापुरतंच भरावं. आणि सतत ७५ च्या वर वापर गेला तर तो मीटर टी-वनमध्ये टाकला जातो, त्यामुळे एसी लावणाऱ्याने डी-वनची आशा धरू नये.

## ६. पुसट आकडा बाकीच्या ओळींतून काढा

आता फोटोकडे येऊ. आम्हाला आलेल्या फोटोत दिसत होतं एवढंच: युनिट ४७.७ किंवा ४१.७ (सात आणि एक यांच्यावरून घडी गेलेली), `Cost` मधला तिसरा-चौथा आकडा गायब, `VAT` ची ओळ निम्मी, `EWURA` १३९.३४ स्वच्छ, `REA` ४१८.०३ किंवा ४१३.०३, आणि त्याखाली टेबलाचं लाकूड.

घाबरायचं कारण नाही, कारण एकच `Cost` या पावतीवर चार वेगवेगळ्या रूपांत छापलेला असतो. एवुराची ओळ म्हणजे `Cost` चा बरोबर एक टक्का. तिचा दशांश दोन घरं उजवीकडे सरकवा: १३९.३४ चे १३,९३४. झाली किंमत, तीही कॅल्क्युलेटरशिवाय. चिल्लर शिलिंगभर इकडेतिकडे होईल, युनिटमध्ये त्याने काही फरक पडत नाही. मला पावतीवरची ही सगळ्यात कामाची ओळ वाटते, आणि तिच्याकडे बघतं कोण तर कोणीच नाही.

किंमत हाती आली की बाकीचं आपोआप उलगडतं. १३,९३४ ला २९२ ने भागलं तर ४७.७. म्हणजे घडीतला आकडा ७ च. ४१.७ असते तर किंमत ४१.७ गुणिले २९२, म्हणजे १२,१७६ च्या आसपास हवी होती, आणि एवुराच्या ओळीत १२१ पासून सुरू होणारा आकडा दिसला असता. रिआ म्हणजे एवुराच्या तिप्पट: १३९.३४ गुणिले ३ बरोबर ४१८.०२. तेव्हा ४१८.०३ बरोबर, ४१३ नाही. शेवटच्या सेंटचा फरक प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांकित केल्यामुळे पडतो, त्याच्यामागे लागू नका.

एवुराचीच ओळ गेली असेल तर व्हॅटला ०.१८ ने भागा. २,५०८.२० भागिले ०.१८ म्हणजे १३,९३४.४४. तेच.

आणि कापली गेलेली घरपट्टी? तीही निघते. भरलेली रक्कम आपल्याला माहीत असते, फोटोत नसली तरी मोबाइल मनीच्या मेसेजमध्ये असते. किंमत गुणिले १.२२ म्हणजे करांसकट वीज: १३,९३४.४३ चे १७,०००. वीस हजारांतून सतरा हजार गेले, उरले तीन हजार. दीड हजाराच्या पटीत बसले. पार्टनरला मी एवढंच लिहिलं, "दुकानदाराला शिव्या देऊ नको, दोन महिन्यांची घरपट्टी गेलीय." मग त्याने खालच्या अर्ध्या पावतीचा फोटो पाठवला. `Debt Collected 3000.00`.

हा ताळा फक्त पैशांच्या ओळींना लागू आहे. टोकनच्या वीस आकड्यांतला एक जरी पुसट असेल तरी तो अंदाजाने भरता येत नाही. तिथे कुठली बेरीज-वजाबाकी कामाची नाही, आणि मीटरवर दहा शक्यता दाबत बसण्यातही अर्थ नाही, कारण बरेच मीटर लागोपाठ चुकीचे टोकन दाबले की काही वेळ कीपॅडच घेत नाहीत. जिथून घेतला तिथे जाऊन तोच टोकन पुन्हा मागा, खरेदीची नोंद त्यांच्याकडे असते.

पुसट फोटोत सगळ्यात फसवी चीज म्हणजे दशांशचिन्ह. `28.1KWH` मधला टिंब उडाला की २८१ दिसतं, आणि दहा हजारांत दोनशे ऐंशी युनिट आल्याचा आनंद टोकन दाबेपर्यंत टिकतो. टी-वनसाठी मनात एक ढोबळ माप ठेवा: घरपट्टी नसेल तर दर दहा हजारांना अठ्ठावीस युनिट.

## ७. मीटरवर खात्री करा

टोकन दाबण्याआधी मीटरवरची शिल्लक लिहून घ्या किंवा तिचाही फोटो काढा. टोकन गेल्यावर पुन्हा बघा. दोन्हींतला फरक पावतीवरच्या युनिटइतका यायला हवा. आमच्याकडे आधी ३.२ होते, नंतर ५०.९ झाले, फरक ४७.७. दाबायला आणि बघायला मध्ये तासभर गेला आणि एसी चालू असेल तर फरक कमी येणारच, तेवढं लक्षात ठेवा.

नव्या घरांत मीटर बाहेर खांबावर असतो आणि घरात फक्त कीपॅडचा डबा. त्या डब्यातले सेल संपले की पडदा कोरा दिसतो आणि टोकन गेला की नाही कळत नाही. आधी सेल बदला, मग तक्रार करा.

पावती बरोबर, हिशोब बरोबर, तरी मीटर टोकन नाकारत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, कोणी तो आधीच दाबलाय का. चार जणांच्या घरात ग्रुपवर फोटो टाकला की दोघे जण दाबायला धावतात, आणि दुसऱ्याला मीटर नकार देतो. शिल्लक वाढलेली असेल तर प्रश्न मिटला. दोन, मीटर बराच काळ बंद घरात होता का. या जातीच्या मीटरमधलं टोकनचं घड्याळ जगभर २४ नोव्हेंबर २०२४ ला संपणार होतं, म्हणून त्याआधी प्रत्येक मीटरला नवी किल्ली द्यावी लागली. ती देण्यासाठी नेहमीच्या टोकनबरोबर आणखी दोन वीस-आकडी क्रमांक आले होते. तुमच्या फोटोत असे तीन क्रमांक दिसले तर ते ज्या क्रमाने छापलेत त्याच क्रमाने दाबायचे, विजेचा टोकन शेवटी. ज्या मीटरला ते दोन क्रमांक कधी दिलेच नाहीत, तो आजचा टोकन घेणार नाही, मग युनिटचा हिशोब कितीही अचूक असो.

## ८. घरपट्टी घरमालकाकडून वळती करून घ्या

हा कर मालकाचा आहे. मीटर भाडेकरू भरतो म्हणून तो भाडेकरूच्या खिशातून जातो, पण देणं मालकाचंच. करार करताना एक ओळ घालून घ्या की लुकूतून कापलेली घरपट्टी भाड्यातून वजा होईल. आमच्या करारात ती नव्हती. आमच्या घरमालकीण बाईंना सगळे 'मामा' म्हणतात (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि गावाकडच्या फोनवर "मामाला भाडं दिलं" म्हटलं की घरचे विचारतात, कुठला मामा?). मामा पहिल्यांदा ऐकायलाच तयार नव्हत्या. "वीज तुम्ही वापरता, पैसे मी का देऊ?" मग मी पावतीचा पूर्ण फोटो, आणि खाली तीन ओळींत हिशोब लिहून दाखवला: भरले वीस हजार, विजेचे आणि त्यावरच्या करांचे सतरा हजार, कोडी या जेंगो तीन हजार. `Debt Collected` वर बोट ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून ती ओळ वाचली, आणि पुढच्या भाड्यात तीन हजार कमी घेतले.

त्यासाठी फोटो पूर्ण हवा आणि महिन्याच्या नावाने जपून ठेवलेला हवा. एकाच घराला दोन-तीन मीटर असतील आणि प्रत्येकावर घरपट्टी कापली जात असेल, तर तीही दुरुस्त करून घेता येते, कारण घर एक तर कर एकदाच. पण तो अर्ज मालकाने करायचा असतो. आपण फक्त दोन्ही मीटरच्या एकाच महिन्यातल्या पावत्यांचे फोटो त्याच्या हातात द्यायचे.

घरात तिघे-चौघे वीज वाटून घेत असाल तर वाटणी `TOTAL` ची करू नका. आमच्याकडे आता सतरा हजारांचे दोन भाग होतात, आणि तीन हजार ज्याने भरले त्याला भाड्याच्या दिवशी परत मिळतात.